इंदिरानगरची गच्ची : चाळीस पिशव्या आणि अडीच मीटरचे पाणी

१२ जानेवारी

नाशिकच्या इंदिरानगरमधील चार मजली इमारतीच्या गच्चीची आज पाहणी केली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काका-काकूंना गच्चीवर भाजीपाल्याची बाग हवी आहे आणि सोसायटीने लेखी परवानगी दिलेली आहे. मात्र पिण्याच्या पाण्याच्या टाकीला जोडणी घ्यायची नाही आणि पाणी तुंबून गळती झाल्यास दुरुस्ती काकांनी करायची, या दोन अटी त्यात आहेत. दोन्ही अटी रास्त आहेत आणि पुढची जवळजवळ सगळी आखणी त्यांनीच ठरवली.

वापरता येणारी जागा साधारण ३० फूट बाय २० फूट आहे. वर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर आहे. पश्चिमेच्या कठड्याशी त्याला केसासारखी एक भेग दिसली, पण काकांच्या छताला आतून कुठेही ओल नाही. तरीही बाग मांडण्याआधी पाणी निचऱ्याची तोंडे बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी दोन दिवस साठवून ठेवावे आणि खाली छत तपासावे, असे काकांना सांगितले आहे. बाग मांडल्यानंतर ओल दिसली, तर ती जुन्या भेगेची की आमच्या पाण्याची हा वाद मिटत नाही. आधीच चाचणी झालेली असली की तो उद्भवतच नाही.

काकांचा आग्रह काळ्या मातीचा आहे. निफाडकडे त्यांची शेती असून "ट्रॉलीभर माती फुकट येते, मग विकतचे कशाला घ्यायचे?" असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्यासमोरच हिशेब मांडला. आपण वापरणार आहोत त्या १८ इंच व्यासाच्या आणि १२ इंच उंचीच्या पिशवीत वरचा काठ मोकळा सोडून सुमारे ४० लिटर माध्यम बसते. भिजलेली काळी माती लिटरला १.८ किलोच्या आसपास भरते, म्हणजे एक पिशवी ७२ किलोची होते. माणसांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात चल भार, म्हणजे माणसे-सामानाचा बदलता भार, चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो धरलेला आहे. अडीच फूट बाय दोन फूट जागेत एक पिशवी ठेवली, तर काळ्या मातीचा भार चौरस मीटरला १५५ किलोपर्यंत जातो आणि त्यात बागेत फिरणारी माणसे अजून धरलेलीच नाहीत. शिवाय ही माती वाळली की आकसून पिशवीच्या कडेपासून सुटते, मग घातलेले पाणी मुळांना न भिजवता कडेच्या फटीतून खाली निघून जाते. शेतात खाली मातीचा अखंड थर असल्यामुळे ते खपून जाते, पिशवीत खपत नाही.

काकांना दुसरे कारण अधिक पटले. थोडी माती मिश्रणात घेऊ, असे ठरले.

२५ जानेवारी

पाण्याची चाचणी झाली, छत कोरडे राहिले. आज मिश्रण तयार केले. चाळीस पिशव्यांना १,६०० लिटर माध्यम लागते. भरताना ते दबते, म्हणून दहावा हिस्सा जास्त केले. आकारमानाने ४० टक्के कोकोपीट, ३० टक्के गांडूळखत, १५ टक्के भाताचे तूस आणि १५ टक्के माती असे प्रमाण ठेवले. तूस इगतपुरीकडच्या भातगिरणीतून आणले. ते सावकाश कुजते, त्यामुळे मिश्रणातील हवेच्या पोकळ्या बरेच महिने टिकतात. माती काकांच्या शेतातलीच घेतली, ढेकळे फोडून चाळली.

कोकोपीटच्या पाच किलोच्या विटा फुगवून तीनदा धुतल्या. नारळाच्या काथ्यात बऱ्याचदा मीठ उरलेले असते आणि रोपे आठवडाभरात पानांच्या कडा करपवून त्याची खूण देतात. निथळलेले पाणी साध्या टीडीएस मीटरने मोजत गेलो. पहिल्या धुण्यातला आकडा घरच्या नळाच्या पाण्याच्या कितीतरी पट होता, तिसऱ्या वेळी तो नळाच्या जवळ आला तेव्हा थांबलो.

एक पिशवी भरून, पुरती भिजवून, पाणी निथळू दिले आणि वजनकाट्यावर ठेवली. वजन ३६ किलो आले, म्हणजे काळ्या मातीच्या नेमके निम्मे. अडीच बाय दोन फुटांच्या अंतराने भार चौरस मीटरला ७८ किलोच्या आसपास राहतो आणि माणसांच्या वावराला पुरेशी सूट उरते.

१ फेब्रुवारी

पिशव्या मांडल्या. तुळया कुठून जातात हे खालच्या घरात शिरून पाहिले आणि लांबीच्या ओळी शक्यतो त्यांच्यावर आणल्या. पिशव्या थेट कोब्यावर ठेवलेल्या नाहीत. सर्वांखाली चार इंच उंचीचे प्लॅस्टिकचे स्टँड आहेत, जेणेकरून खालून झाडू फिरेल आणि कोबा वाळत राहील. उत्तरेच्या कठड्याशी लोखंडी पायरीचा स्टँड आहे. त्याच्या प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा आणि रबर दिले, कारण लोखंडी पायाची टोके कोब्यात रुततात आणि गळतीची सुरुवात तिथूनच होते. या स्टँडवरच्या पिशव्या बाकीच्यांपेक्षा ६० सेंटीमीटर उंच आहेत. पाण्याच्या दृष्टीने या फरकाची नोंद आत्ताच करून ठेवतो.

८ फेब्रुवारी

आजचा दिवस पाण्याचा.

सोसायटीच्या अटीमुळे बागेला स्वतंत्र ५०० लिटरची टाकी घेतली. ती बोअरच्या पाण्याने भरते आणि तिला बॉलकॉक आहे. भरलेली टाकी अर्ध्या टनाची होते, म्हणून ती उघड्या गच्चीवर न ठेवता सोसायटीच्या अभियंत्याला विचारून जिन्याच्या खोलीवर, कॉलमच्या डोक्याशी बसवली. टाकीच्या तळापासून पिशव्यांवरच्या ड्रिपरपर्यंत उभे अंतर अडीच मीटर मोजले. टाकी भरलेली असेल तेव्हा त्यात आणखी जवळजवळ एक मीटर मिळते.

काकांच्या मुलाने ऑनलाइन मागवलेला ठिबकचा संच आधीपासून घरात होता, तोच वापरावा असे सगळ्यांना वाटत होते. त्यात दाब-नियंत्रित ड्रिपर आणि सोलेनॉइड झडपेचा टायमर होता. दोन्ही वस्तू चांगल्या आहेत, पण त्या दहा मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याच्या दाबासाठी, म्हणजे चौरस सेंटीमीटरला एक किलोच्या आसपासच्या दाबासाठी घडवलेल्या असतात. शेतात पंपामुळे तेवढा दाब सहज मिळतो. इथे तो जेमतेम पाव ते एक तृतीयांश आहे. तरीही मुलासमोर लावून पाहिला. पंधरा मिनिटे ड्रिपरखाली लिटरच्या बाटल्या ठेवल्या. काहींत दीडशे मिलिलिटर, काहींत सहाशे पाणी जमले. अशा ड्रिपरच्या आतला रबरी पडदा पुरेसा दाब असेल तरच आपले काम करतो, एरवी त्याचा काही नेम राहत नाही. टायमरची अडचण अधिक गंभीर होती. त्याची झडप घट्ट मिटण्यासाठीही पाण्याचाच दाब लागतो. वेळ संपल्यावर पडद्यावर 'बंद' दिसत होते आणि लॅटरलच्या, म्हणजे पिशव्यांच्या ओळीतून जाणाऱ्या नळीच्या टोकाला थेंब पडतच होते. रात्रभर असे चालले असते, तर सकाळी टाकी रिकामी आणि गच्ची ओली सापडली असती.

बाजार समितीजवळच्या ठिबकच्या दुकानातून १६ मिलिमीटरची लॅटरल, चार लिटर ताशी क्षमतेचे, उघडून साफ करता येणारे साधे बटण ड्रिपर आणि जाळीचा फिल्टर आणला. द्राक्षाच्या पट्ट्यात राहण्याचा हा फायदा आहे, ग्रोमेटपासून एंड कॅपपर्यंत सुटा भाग हवा तेवढाच मिळतो. टायमर मात्र वेगळा शोधावा लागला. आत मोटरने फिरणारा बॉल व्हॉल्व्ह असलेला टायमर घेतला, कारण तो पाण्याच्या दाबाशिवाय उघडतो आणि मिटतो. विकत घेताना खोक्यावर किमान दाबाचा आकडा पाहावा. तिथे शून्य लिहिलेले असेल, तरच तो टाकीवरच्या बागेला उपयोगी आहे.

साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. दहा मीटरला चार लिटर देणारा ड्रिपर अडीच मीटरला दोन लिटर देतो. दाब चौथाई झाला, पाणी निम्मे झाले. ते निम्मे असल्याची अडचण नाही, वेळ दुप्पट ठेवता येते. ते सर्वत्र सारखे हवे, एवढीच अट आहे. प्रत्येक पिशवीत दोन ड्रिपर बसवले, कारण मिश्रण भुसभुशीत असल्याने एका थेंबाचे पाणी आडवे पसरत नाही, सरळ खाली उतरते आणि अर्धी पिशवी कोरडी राहते. एकूण ऐंशी ड्रिपर ताशी १६० लिटर पाणी ओढतात. फिल्टर आणि चार ओळींच्या लॅटरलच्या मानाने हा प्रवाह इतका थोडा आहे की घर्षणातला तोटा विचारात घेण्याची गरज नाही.

अर्ध्या भरलेल्या टाकीवर मोजणी केली. खालच्या पिशव्यांत पंधरा मिनिटांत ५०० ते ५२० मिलिलिटर आणि पायरीच्या स्टँडवर ४५० मिलिलिटर पाणी मिळाले. पंपाच्या दाबाखाली साठ सेंटीमीटरची उंची जाणवतही नाही. इथे तिने आठव्या हिश्श्याचे पाणी खाल्ले. म्हणून स्टँडवर कमी पाणी मागणारी पिके ठेवायची असे ठरले. पुदिना खाली, गवती चहा, ओवा आणि कढीपत्ता वर.

२२ फेब्रुवारी

मिरची आणि वांग्याची रोपे गंगापूर रोडवरच्या रोपवाटिकेतून आणून लावली. भेंडी आणि गवार आज पेरली. काकू महिनाभर आधीपासून बियाणे घेऊन बसल्या होत्या, पण इथल्या जानेवारीच्या रात्री भेंडीच्या बीला मानवत नाहीत. माती थंड असली की बी उगवण्याऐवजी कुजते. बाकी पिशव्यांत काकडी, दुधी, राजगिरा आणि लाल माठ आहे. मेथी-कोथिंबीर आता पेरली, तर उन्हाळ्यात लगेच फुलावर येईल, तेव्हा ती पावसाळ्यानंतर.

पाणी सध्या सकाळी एकदाच वीस मिनिटे. लहान रोपांना यापेक्षा जास्त दिले की मूळ खाली उतरत नाही.

१२ एप्रिल

ऊन वाढले. मिश्रणावर दोन इंच पालापाचोळ्याचे आच्छादन घातले आणि पालेभाज्यांच्या दोन ओळींवर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधली. पाणी आता रोज पिशवीमागे चार लिटर, म्हणजे एकूण साठ मिनिटे. ते एकदम न देता सकाळी सहा, साडेनऊ आणि संध्याकाळी साडेपाच असे वीस-वीस मिनिटांचे तीन हप्ते केले. एकदम तासभर दिलेल्या पाण्यातले बरेचसे तळातून वाहून जाते आणि जाताना गांडूळखतातले अन्नही घेऊन जाते. पिशवीखालचा डाग हे मापाचे साधन आहे. हप्ता संपताना खाली जेमतेम ओल दिसली, तर पाणी बरोबर. ओघळ कोब्यावर पसरला, तर जास्त.

मिरचीच्या तीन रोपांवर बोकड्या दिसतो आहे, शेंड्याची पाने वरच्या बाजूला वळून नावेसारखी झाली आहेत. भिंगाखाली फुलकिडे सापडले. पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी संध्याकाळी केली, पानांच्या खालच्या बाजूने. आठवड्याच्या अंतराने आणखी दोनदा करावी लागेल. एक रोप इतके चुरगळले होते की त्याला विषाणूची लागण झाली असावी, ते उपटून टाकले. काकूंना वाईट वाटले, पण त्यावर औषध नाही आणि किडी तोच रोग शेजारच्या रोपांवर नेतात.

१७ मे

काकूंचा फोन आला की वांगी "मान टाकताहेत". भर दुपारी वांग्याने मान टाकणे हा उन्हाचा परिणाम असतो आणि संध्याकाळी ते आपोआप सावरते. म्हणून त्यांना सकाळी आठला पाहायला सांगितले. सकाळीही दोन झाडे लोळलेलीच होती, तेव्हा फेरी ठरलेल्या दिवसाआधीच केली.

इथे घाई करून पाणी वाढवायचे नसते. मुळे कुजली तरी झाड असेच लोळते आणि मग जास्तीचे पाणी त्याला मारते. आधी पिशवी कडेने उचलून पाहिली, ती शेजारच्यापेक्षा स्पष्ट हलकी होती. बोट दोन इंच आत घातले तर मिश्रण कोरडे. म्हणजे प्रश्न तहानेचा होता आणि तो सगळ्या बागेचा नसून दोन पिशव्यांचा होता. ड्रिपर उघडले, तर आतल्या नागमोडी वाटेत पांढरा थर होता. बोअरचे पाणी जड आहे. दोन हप्त्यांच्या मधल्या काळात ड्रिपरच्या तोंडाशी उरलेला थेंब वाळतो आणि त्यातला क्षार तिथेच बसतो. कमी दाबाखाली हे लवकर घडते, कारण साचलेला कण पुढे ढकलायला पाण्यात जोर नसतो.

सगळे ऐंशी ड्रिपर पुन्हा मोजले. बहुतेकांचे पाणी ४५० मिलिलिटरच्या वर होते, काहींचे तीनशेवर आले होते आणि त्या दोन पिशव्यांतले चारही ड्रिपर दीडशेच्या खाली होते. मंद पडलेले सर्व ड्रिपर उघडून निम्मे पाणी आणि निम्मे व्हिनेगर अशा द्रावणात तीन तास बुडवले, जुन्या दातांच्या ब्रशने घासले आणि परत बसवले. मोजणी पुन्हा ४९० च्या आसपास आली. फिल्टरची जाळी धुतली आणि लॅटरलची टोके उघडून दोन मिनिटे पाणी वाहू दिले. लॅटरल आता आच्छादनाखाली घेतली आहे, त्यामुळे ड्रिपर सावलीत राहतील आणि थेंब सावकाश वाळेल.

पिशव्यांच्या बाहेरून पांढरी कड चढली आहे, तीही याच क्षारांची. महिन्यातून एकदा प्रत्येक पिशवीला घरच्या नळाचे दहा लिटर पाणी सावकाश घालून ते तळातून वाहू द्यायचे असे ठरवले. रोजच्या पाण्यात काटकसर करायची आणि महिन्याला एकदा असे वाहू द्यायचे, हे वरकरणी परस्परविरोधी वाटते. काकांनी ते विचारलेही. रोजचे वाहणे अन्न नेते, महिन्याचे वाहणे साठलेले मीठ नेते आणि त्यानंतर मूठ-दोन मूठ गांडूळखत घालून अन्नाची भरपाई करता येते.

२१ जून

पावसाला सुरुवात झाली. टायमर बंद केला आहे, पण बॅटरी काढलेली नाही. पहिल्या सरींनंतर पावसाच्या पाइपाच्या तोंडाशी आच्छादनाचा पाला आणि कोकोपीट अडकून अर्धा इंच पाणी उभे राहिले होते. तिथे उलटी टोपलीसारखी जाळी बसवली. पाऊस थांबल्यावर तासाभरात गच्ची निथळलेली दिसली पाहिजे, हे काकांनी पाहायचे.

मिश्रण तीन इंच खाली बसले आहे. सेंद्रिय माध्यम कुजत जाते, तेव्हा हे व्हायचेच. वरून गांडूळखत आणि तुसाचा थर दिला, मात्र मिरचीच्या बुंध्याभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवली, कारण पावसाळ्यात बुंध्याला ओले खत चिकटून राहिले की साल कुजते.

१९ जुलै

या फेरीत एक गोष्ट पाहण्यासारखी आढळली. चांगला पाऊस पडत असूनही पश्चिमेच्या कठड्यालगतच्या ओळीतल्या पिशव्या हलक्या होत्या. पाऊस पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर तिरका येतो आणि साडेतीन फुटांच्या कठड्याच्या आडोशाला पडतच नाही. दुधीच्या वेलाखालच्या पिशवीचेही तेच, पसरलेली पाने पाणी बाहेर सांडतात. त्या एका ओळीचा कॉक उघडा ठेवून बाकी तीन बंद केले आणि टायमर सकाळी दहा मिनिटांवर लावला. पावसाळ्यात पाणी पूर्ण बंद ठेवण्याची पद्धत रूढ आहे, पण ज्या झाडांना पाऊस लागत नाही ती त्यात वाळतात.

दुधीला फुले भरपूर आहेत आणि बोटाएवढी झाली की फळे पिवळी पडून गळतात. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते आणि चौथ्या मजल्यावर त्या वेळी परागीकरण करणारे कीटक फारसे येत नाहीत. काकूंना नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, मादी फुलाच्या तोंडाला टेकवायला दाखवले. मादी फुलामागे इवलासा दुधी असतोच, त्यामुळे ओळखायला सोपे. कारल्याचे फूल सकाळी उमलते, त्याची पाळी सकाळची.

४ ऑक्टोबर

रब्बीच्या भाज्यांसाठी मांडणी बदलली. भेंडी-गवार काढून त्या पिशव्यांत मेथी, पालक आणि कोथिंबीर पेरली, तर काकडीच्या जागी टोमॅटोची रोपे लावली. जुने मिश्रण फेकले नाही. मुळे काढून, एक चतुर्थांश नवे कोकोपीट-गांडूळखत मिसळून आणि पिशवीमागे मूठभर निंबोळी पेंड घालून पुन्हा भरले.

टोमॅटोच्या पिशव्यांचे ड्रिपर आज मुद्दाम पुन्हा मोजले. या पिकाला पाण्याचा खाडा सर्वांत लवकर बाधतो. दोन दिवस कोरडे आणि मग भरपूर पाणी असे झाले की फळाच्या टोकाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो. पाहणारा त्याला रोग समजून फवारणी करत बसतो. प्रत्यक्षात पाण्याबरोबर वर चढणारे कॅल्शियम फळापर्यंत पोहोचलेले नसते.

टायमर चारही ओळींना सकाळी सहाला वीस मिनिटे आणि संध्याकाळी पाचला दहा मिनिटे असा लावला आहे. देखभालीच्या करारात पंधरवड्याची फेरी, महिन्याला फिल्टर धुणे आणि तीन महिन्यांनी सर्व ड्रिपरची बाटलीने मोजणी लिहिली आहे. उन्हाळ्यात ही मोजणी दर महिन्याला होईल. पंधरा मिनिटांत ४०० मिलिलिटरच्या खाली गेलेला ड्रिपर साफ करायचा आणि साफ करूनही वर न आलेला बदलायचा. दहा सुटे ड्रिपर आणि दोन ग्रोमेट काकूंच्या स्वयंपाकघरातल्या डब्यात ठेवले आहेत.